होडीच्या काठाची बेझिए वक्ररेषा प्लायच्या शीटला बसेल अशी तोडताना

प्रश्न: मालवणला होडीच्या काठाचा फर्मा सहा मिमी प्लायमधून कापून हवा आहे. रेषा ४५०० मिमी लांब, चार कंट्रोल पॉइंटची एकच वक्ररेषा आहे. शीट २४४० मिमीची, म्हणून २४४० ला तोडायची. मी t = 2440/4500 = 0.542 घेतला, तर तुकडा २२७० च्या आसपासच संपला. शिवाय मूळ हँडल तसेच ठेवून दोन तुकडे केले की टोकं जुळतात, पण मधला आकार सुटतो. नेमकं कसं तोडायचं?

उत्तर: तुमच्या दोन्ही अडचणींचं मूळ एकच आहे: t हे मिमीमधलं अंतर नाही. ते 0 ते 1 धावणाऱ्या वेळेसारखं आहे, आणि त्या वेळात वक्ररेषेवरून किती वेगाने पुढे जायचं ते हँडल ठरवतात. पण आधी t काय घ्यायचा हे बाजूला ठेवू आणि एक ठरलेला t दिला असता रेषा कशी तुटते ते बघू. तो भाग पक्का झाला की २४४० चा t शोधणं किरकोळ काम आहे.

मागच्या टोकापासून नाळेपर्यंत जाणारी तुमच्यासारखीच एक रेषा घेतो. आडवं माप मागच्या टोकापासून, उभं माप तळाच्या आधाररेषेपासून, सगळं मिमीमध्ये:

```
P0 = (0, 700)
P1 = (1000, 400)
P2 = (3000, 300)
P3 = (4500, 800)
```

P0 आणि P3 रेषेवर आहेत. P1 आणि P2 रेषेवर नाहीत, ती हँडलची टोकं आहेत. समजा t = 0.4 ला तोडायचं आहे. करायचं एवढंच: लागोपाठच्या दोन बिंदूंना जोडणाऱ्या प्रत्येक सरळ रेषेवर सुरुवातीपासून ०.४ अंतरावरचा बिंदू काढायचा. चार बिंदूंमधून तीन मिळतात. त्या तिघांवर तेच केलं की दोन मिळतात, आणि त्या दोघांवर पुन्हा तेच केलं की एक उरतो.

```
Q0 = P0 + 0.4(P1 - P0) = (400, 580)
Q1 = P1 + 0.4(P2 - P1) = (1800, 360)
Q2 = P2 + 0.4(P3 - P2) = (3600, 500)

R0 = Q0 + 0.4(Q1 - Q0) = (960, 492)
R1 = Q1 + 0.4(Q2 - Q1) = (2520, 416)

S  = R0 + 0.4(R1 - R0) = (1584, 461.6)
```

S हा वक्ररेषेवरचा बिंदू. बहुतेक जण इथे थांबतात, S उचलतात आणि Q, R पुसून टाकतात. नेमकी तिथेच गोष्ट हुकते, कारण तुम्हाला हवी असलेली नवी हँडल त्या पुसलेल्या बिंदूंमध्येच आहेत. हा त्रिकोण कागदावर मांडला तर त्याची एक कड डावा तुकडा देते आणि दुसरी कड उजवा:

```
डावा  : P0 Q0 R0 S  = (0,700) (400,580) (960,492) (1584,461.6)
उजवा : S R1 Q2 P3  = (1584,461.6) (2520,416) (3600,500) (4500,800)
```

मधला Q1 कुठल्याच तुकड्यात जात नाही. तो फक्त R0 आणि R1 काढण्यापुरता लागतो. आणि हे दोन तुकडे मूळ रेषेच्या जवळपास जाणारे नाहीत, ते मूळ रेषाच आहेत. गणिताने बघितलं तर यात अंदाज कुठेच नाही. फरक पडलाच तर तो दशांशस्थळं कापल्यामुळे पडतो.

ही रीत पॉल द कास्तेल्जो या फ्रेंच गणितज्ञाने सित्रोएन मोटार कंपनीत १९५९ मध्ये मांडली. कंपनीने ती बाहेर जाऊ दिली नाही, आणि रेनॉमधल्या पिएर बेझिए यांनी स्वतंत्रपणे केलेलं काम आधी प्रसिद्ध झालं. म्हणून वक्ररेषेला नाव बेझिएंचं आणि तोडण्याच्या रीतीला कास्तेल्जोंचं.

आता हँडल तेच ठेवल्यावर आकार का सुटतो ते. घनीय वक्ररेषा P0 पासून निघते तेव्हा तिचा वेग `3(P1 - P0)` असतो, म्हणजे हँडल जितकं लांब तितका सुरुवातीचा वेग जास्त. डावा तुकडा वेगळा केला की त्याचा स्वतःचा t पुन्हा 0 ते 1 धावतो, पण तेवढ्या वेळात मूळ रेषेवर फक्त ०.४ पर्यंतच जायचं असतं. म्हणजे वेग ०.४ पट हवा, आणि म्हणून हँडलही ०.४ पट. P0 पासून P1 च्या दिशेने ०.४ अंतरावर कोण आहे? Q0. तोडलेल्या जागीही हाच हिशेब लागतो. S जवळ मूळ रेषेचा वेग `3(R1 - R0)` आहे. डाव्या तुकड्याला त्यातला ०.४ भाग येतो, म्हणून त्याचं शेवटचं हँडल S पासून मागे R0 पर्यंत. उजव्याला ०.६ भाग, म्हणून त्याचं पहिलं हँडल S पासून पुढे R1 पर्यंत.

मूळ P1 तसाच ठेवला तर किती बिघडतं ते आकड्यात बघा. डावा तुकडा (0,700) (1000,400) (960,492) (1584,461.6) असा घेतला, तर त्याच्या मध्यावर येणारा बिंदू (933, 479.7) आहे. मूळ रेषेवर आडवं ९३३ असताना उंची ५१६.४ आहे. म्हणजे जवळजवळ ३७ मिमीचा झोल. ही चूक लबाड आहे, कारण P0 आणि S दोन्ही बरोबर येतात, दोन्ही टोकांची दिशाही बरोबर येते (P1 आणि Q0 एकाच सरळ रेषेवर आहेत ना), सांध्यावर खाच दिसत नाही. चुकते ती फक्त हँडलची लांबी, आणि तिचा परिणाम तुकड्याच्या पोटात दिसतो. तुमच्याकडे घडलं ते हेच.

प्रोग्राममध्ये हे एवढंसंच आहे:

```python
def lerp(a, b, t):
    return ((1-t)*a[0] + t*b[0], (1-t)*a[1] + t*b[1])

def split(p0, p1, p2, p3, t):
    q0, q1, q2 = lerp(p0, p1, t), lerp(p1, p2, t), lerp(p2, p3, t)
    r0, r1 = lerp(q0, q1, t), lerp(q1, q2, t)
    s = lerp(r0, r1, t)
    return (p0, q0, r0, s), (s, r1, q2, p3)
```

हाताने करताना मी `a + t(b - a)` असं लिहिलं आणि इथे `(1-t)*a + t*b`. कागदावर दोन्ही एकच. संगणकाच्या अपूर्णांकात मात्र पहिल्या प्रकारात t = 1 ला उत्तर कधीकधी अगदी b येत नाही, शेवटच्या अंकात हलतं. दुसऱ्या प्रकारात दोन्ही टोकं हमखास जुळतात. फर्म्याला त्याने काही होत नाही, पण दोन बिंदू तंतोतंत सारखे आहेत का असं तपासणारा प्रोग्राम त्यावर अडकतो.

उजव्या तुकड्याचा क्रम नीट बघा: S, R1, Q2, P3. म्हणजे त्रिकोणाच्या टोकाकडून पायथ्याकडे. बिंदू जसजसे सापडत जातात तसे यादीत टाकले तर P3, Q2, R1, S असा उलटा क्रम होतो. पडद्यावर रेषा तीच दिसते, म्हणून लक्षात येत नाही, पण राउटर मात्र नाळेकडून सांध्याकडे उलटा कापत येतो. दुसरी अशीच चूक म्हणजे एकाच यादीत जुन्या बिंदूंवर नवे लिहीत जाणं. P0 च्या जागी Q0 लिहिला की डाव्या तुकड्याची सुरुवातच हरवते. सहा नवे बिंदू वेगळ्या नावांनी ठेवले की हा प्रश्नच येत नाही.

आता तुमचा २४४०. वरच्या उदाहरणात t = 0.4 ला आडवं माप १५८४ आलं, ४५०० चे ०.४ म्हणजे १८०० नाही. हँडल असमान असली की असंच होतं. आडव्या मापाचं सूत्र कंट्रोल पॉइंट घालून सोडवलं की या रेषेसाठी असं येतं:

```
x(t)  = 3000t + 3000t² - 1500t³
x'(t) = 3000 + 6000t - 4500t²
```

यात ०.५४२२ घातला की २२६९.५ येतात. म्हणजे तुमचा तुकडा बरोबर तिथेच संपला, फक्त प्रश्न वेगळा विचारला गेला होता. तो आकडा टाकून देऊ नका, शोधाची सुरुवात म्हणून छान आहे. १७०.५ मिमी कमी पडतात, आणि तिथे x'(t) सुमारे ४९३० आहे, म्हणजे t मध्ये 170.5/4930 ≈ 0.0346 वाढवायचा. नवा t ०.५७६८. त्याला x २४४०.६ येतो. आणखी एकदा तीच दुरुस्ती केली की t = 0.57667, आणि x २४४० ला एका मिमीच्या शंभराव्या भागात बसतो. दोन फेऱ्यांत काम झालं.

हे इतकं सरळ गेलं कारण चारही कंट्रोल पॉइंटची आडवी मापं 0, 1000, 3000, 4500 अशी चढती आहेत, म्हणून रेषा आडवी मागे फिरत नाही आणि २४४० ला एकच t आहे. नाळ वळवून मागे घेतलेली असेल किंवा हँडल एकमेकांना ओलांडून गेली असतील, तर एकाच x ला तीन t सुद्धा मिळू शकतात आणि वरची दुरुस्ती भलत्याकडे उडी मारते. तशा वेळी आधी रेषा जिथे मागे फिरते तिथे तोडा (x'(t) = 0 ही साधी वर्गसमीकरणाची बाब आहे), मग प्रत्येक तुकड्यात 0 आणि 1 मधलं अंतर निम्मं निम्मं करत शोधा. ही रीत सावकाश चालते, पण फसत नाही.

0.57667 ला तोडलेले तुकडे, दोन दशांशांपर्यंत:

```
डावा  : (0, 700) (576.67, 527.00) (1485.89, 420.51) (2440.00, 457.23)
उजवा : (2440.00, 457.23) (3140.41, 484.20) (3865.01, 588.34) (4500, 800)
```

दोन दशांश पुरेत. सिंधुदुर्गाच्या दमट हवेत प्लाय स्वतःच त्याहून जास्त हलतो. मात्र S दोन्ही तुकड्यांत एकच आकडा म्हणून लिहा. एका फाइलमध्ये २४३९.९९८ आणि दुसऱ्यात २४४०.०० असं झालं तर दोन तुकडे परत एका बंद आकारात जोडताना काही सॉफ्टवेअर मधे सूक्ष्म फट धरतात आणि आकार बंदच होत नाही.

कापायला देण्याआधी एक तपासणी कागदावरच होते. S पासून R0 पर्यंतचं आणि S पासून R1 पर्यंतचं अंतर t : (1-t) या प्रमाणात असलं पाहिजे, आणि R0, S, R1 एका सरळ रेषेत. पहिल्या उदाहरणात S पासून R0 आडवा ६२४ आणि उभा ३०.४ लांब आहे. R1 आडवा ९३६ आणि उभा ४५.६. दोन्हीकडे २:३, म्हणजे ०.४ : ०.६. शीटच्या उदाहरणात आडवी अंतरं ९५४.११ आणि ७००.४१ आहेत, गुणोत्तर १.३६२, ०.५७६६७ भागिले ०.४२३३३ तेवढंच येतं. हे प्रमाण चुकलं तर कुठेतरी बिंदू इकडचा तिकडे गेला आहे. आणि t जर 0 आणि 1 च्या मधला असेल तर सहाही नवे बिंदू मूळ चौघांनी बनलेल्या आकाराच्या आत किंवा कडेवरच राहतात. एखादा बाहेर दिसला की हिशेब पुन्हा करा.

याच प्रमाणामुळे आणखी एक गोष्ट बिघडते. इंकस्केपमध्ये नोड टूलने रेषेवर डबल क्लिक केलं की नवा नोड पडतो आणि आकार बदलत नाही, कारण आत हीच रीत चालते. पण तो नोड नंतर सिमेट्रिक केला की दोन्ही हँडल सारख्या लांबीची होतात, २:३ चं १:१ होतं, आणि रेषा दोन्ही बाजूंनी हलते. नोड स्मूथ राहू द्या, म्हणजे हँडल एका रेषेत राहतील आणि लांबी आपापली. शिवाय डबल क्लिक नेमका २४४० वर पडत नाही, म्हणून फर्म्यासाठी आकडे काढून ते फाइलमध्ये घालणंच बरं. एसव्हीजीमध्ये 0.4 ला तोडलेली रेषा अशी लिहितात:

```
M 0,700 C 400,580 960,492 1584,461.6 C 2520,416 3600,500 4500,800
```

एसव्हीजीत उभं माप खाली वाढतं, त्यामुळे चित्र उलटं दिसेल. तोडण्याच्या हिशेबाला त्याने फरक पडत नाही, आकार उलटवा, फिरवा किंवा मोठा करा, मग तोडा किंवा आधी तोडा, उत्तर तेच. मात्र फाइलमध्ये मोठ्या `C` ऐवजी छोटा `c` असेल तर ते आकडे त्या तुकड्याच्या सुरुवातीच्या बिंदूपासून मोजलेले असतात. तसेच्या तसे वरच्या हिशेबात घातले की रेषा भलतीकडेच जाते. आधी ते मूळ आरंभबिंदूपासूनचे करून घ्या.

आता सांधा. तुकडे समोरासमोर लावून मागून पट्टी ठोकणार असाल तर वरचे आकडे तसेच वापरा. पण तिरका घासून एकमेकांवर चढवलेला सांधा करणार असाल तर दोन्ही तुकड्यांना तो चढाव हवा. सहा मिमी प्लायला एकास आठचा उतार घेतला तर ४८ मिमी. डावा तुकडा २४४० ला संपतो, म्हणजे उजवा २३९२ ला सुरू व्हायला हवा. त्यासाठी t = 0.56699. हा उजवा तुकडा मूळ चार बिंदूंवरून काढा, आधी तोडलेल्या उजव्यावरून नव्हे, कारण त्यात २४४० च्या आधीचा भाग उरलेलाच नाही. म्हणजे मूळ रेषा दोनदा स्वतंत्रपणे तोडायची: 0.57667 ला तोडून डावा तुकडा ठेवायचा, 0.56699 ला तोडून उजवा. उजव्याची लांबी २१०८ मिमी होते, शीटवर आरामात बसते.

याउलट, तोडलेला तुकडा पुन्हा तोडायचा असेल (लांब होडीला तीन शीट लागतात तेव्हा) तर t बदलून घ्यावा लागतो. रेषा 0.4 ला तोडली आणि आता मूळ रेषेवरच्या 0.7 ला तोडायचं आहे, तर उजव्या तुकड्यावर 0.7 घालून चालणार नाही. ते मूळ रेषेवर 0.82 होतं. बरोबर आकडा:

```
(0.7 - 0.4) / (1 - 0.4) = 0.5
```

डाव्या तुकड्यावर तोडायचं असेल तर हवा असलेला t ०.४ ने भागा. तीन-चार तुकडे असतील तर उजवीकडून तोडत यावं हे सोपं: शेवटचा सांधा आधी, मग उरलेल्या डाव्यावर त्याच्या आधीचा. दर वेळी फक्त एक भागाकार, वजाबाकी नाही.

राउटरच्या कातरीचा अर्धा व्यास बाहेर सोडायचा असतो ना, तो तोडल्यानंतर सोडा. सहा मिमीच्या कातरीसाठी रेषा तीन मिमी सरकवली की ती रेषा घनीय बेझिए राहत नाही. सॉफ्टवेअर तिच्या जागी जवळची रेषा, बहुधा पुष्कळशा छोट्या तुकड्यांची, बसवतं. तिच्यावर वरचा त्रिकोण लावण्यात अर्थ नाही, कारण तुम्ही मूळ रेषा नाही तर तिचा अंदाज तोडत असता, आणि तो अंदाज सांध्याच्या दोन बाजूंना वेगळा असू शकतो. म्हणून कुडाळला किंवा जिथे कुठे कापायला द्याल तिथे न सरकवलेली, तोडलेली रेषा द्या आणि कातरीचा व्यास त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये घालायला सांगा. २४४० वरची उभी कड मात्र शीटच्या कडेवरच येत असेल तर तिथे कातर बाहेर जायला जागा नाही. तुकडा २४३० ला संपवा आणि t पुन्हा काढा: 10/4963 म्हणजे साधारण 0.0020 ने कमी, 0.57466.